पिन विसरलात? आधी कुलूप कुणाचे आहे ते ओळखा

टीव्हीच्या पडद्यावर चार रिकामे चौकोन उमटतात आणि घरातल्या कुणालाच आकडे आठवत नाहीत. मुलांना नको ते दिसू नये म्हणून वर्षा-दोन वर्षांपूर्वी कुणीतरी पिन लावलेला असतो. लावणाऱ्यालाही तो आता आठवत नाही. मग अंदाज सुरू होतात. लग्नाचे साल, गाडीचा नंबर, 1234. तेही संपले की कुणीतरी म्हणते, ‘टीव्हीच रीसेट मारू, सगळे पुसले जाईल.’ या सल्ल्यापायी संध्याकाळ जाते, वायफायचा पासवर्ड शोधण्यापासून सगळे नव्याने करावे लागते, आणि शेवटी तेच चार चौकोन पुन्हा समोर येतात.

असे होण्याचे कारण सोपे आहे. पिन मागणारा पडदा टीव्हीचा असला, तरी पिन टीव्हीतच साठवलेला असतो असे नाही. एकाच टीव्हीवर वेगवेगळ्या कंपन्यांची कुलुपे एकमेकांच्या शेजारी बसलेली असतात, आणि प्रत्येकाची सुटका वेगळ्या दाराने होते. म्हणून पिन विसरल्यावर पहिला प्रश्न ‘आकडे काय होते?’ हा नसावा. ‘हा पिन विचारतो आहे कोण?’ हा असावा. त्याचे उत्तर मिळाले, की उरलेले काम बहुधा दहा-पंधरा मिनिटांचे असते.

पिन राहतो कुठे

घरगुती टीव्हीवर पिन तीन ठिकाणी असू शकतो. पहिले ठिकाण म्हणजे टीव्हीचा संच. सेटिंग्जमध्ये जाऊन एखादे चॅनेल किंवा एखादे ॲप बंद करता येते. हा पिन त्या संचाच्या स्मृतीत असतो, इंटरनेटशी त्याचा संबंध नसतो. दुसरे ठिकाण डीटीएच किंवा केबलचा सेट टॉप बॉक्स. तिसरे ठिकाण म्हणजे नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार यांसारख्या सेवांवरचे तुमचे खाते. हा पिन तुमच्या घरात नसतोच. तो त्या कंपनीच्या संगणकावर, तुमच्या खात्याच्या नोंदीत असतो. टीव्ही फक्त तुम्ही दाबलेले आकडे तिकडे पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो.

हे तिसऱ्या प्रकारचे कुलूप आपल्याकडे सर्वत्र दिसण्यामागे कायद्याचेही कारण आहे. केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार अशा सेवांना प्रत्येक कार्यक्रमाची वयोगटानुसार वर्गवारी करावी लागते: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. यू/ए १३+ किंवा त्यावरच्या वर्गातल्या कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि ए वर्गासाठी वयाची खात्री करणारी विश्वासार्ह व्यवस्था हवी. सोय देणे कंपनीचे काम आहे. पिन ठेवणे आणि तो सांभाळणे मात्र घरच्यांकडेच राहते.

पिन नेमका कुणाचा, हे तो कधी विचारला जातो त्यावरून ओळखता येते. ॲपच्या चिन्हावर दाबताच, ॲप उघडण्याआधीच पिन मागितला, तर तो टीव्हीचा. ॲप उघडले, ‘कोण पाहत आहे?’ असे विचारणारा प्रोफाइलांचा पडदा आला, आणि त्यातल्या एका चेहऱ्यावर दाबल्यावर पिन मागितला, तर तो त्या सेवेच्या प्रोफाइलचा. प्रोफाइल बिनबोभाट उघडले पण एखादा विशिष्ट चित्रपट सुरू करताना अडवले, तर तो खात्यावर लावलेल्या वयोमर्यादेचा. आणि नेहमीची वाहिनी लावताना खाली डीटीएच कंपनीच्या रंगातली पट्टी येऊन पिन मागत असेल, तर तो सेट टॉप बॉक्सचा.

तरीही शंका असेल तर एक चाचणी करावी. ज्या खात्यावर अडले आहे तेच खाते मोबाइलवर उघडावे आणि तेच प्रोफाइल निवडावे. तिथेही पिन मागितला, तर कुलूप खात्यावर आहे आणि टीव्हीला हात लावण्यात अर्थ नाही. मोबाइलवर सरळ उघडले, तर कुलूप समोरच्या संचात आहे.

एका घरातली दोन कुलुपे

एक घर डोळ्यांसमोर आणू. घर नाशिकचे. मे महिन्याची सुट्टी. मुलगा आणि सून दिवसभर नोकरीवर, घरी आजी-आजोबा आणि सहावीतला नातू. नेटफ्लिक्सचे खाते लेकीने उघडून दिलेले आणि पैसेही तीच भरते. ती असते डब्लिनला. दिवाळीत आली होती तेव्हा तिने मोठ्यांच्या प्रोफाइलांना पिन लावले. त्याआधी कधीतरी सुनेने टीव्हीवर नेटफ्लिक्सच्या ॲपलाच कुलूप घातले होते. संच सॅमसंगचा, सात-आठ वर्षांपूर्वीचा.

रात्री आठ वाजता आजी आपला चित्रपट लावायला बसतात. नेटफ्लिक्सच्या चिन्हावर दाबताच पिन मागितला जातो. ॲप अजून उघडलेलेच नाही, म्हणजे हे कुलूप टीव्हीचे. सूनबाईंना विचारले तर त्या म्हणतात, ‘आई, मी ॲप लॉक केलं होतं, पण आकडा ठेवल्याचं काही आठवत नाही हो.’ त्यांचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. सॅमसंगच्या अशा जुन्या संचांवर कारखान्यातून येतानाच 0000 हा पिन बसवलेला असतो. वेगळा पिन ठेवला नसेल, तर कुलूप त्याच पिनने उघडते. एलजीच्या संचांवरही मूळ पिन 0000 असतो. म्हणून टीव्हीचे कुलूप असेल तेव्हा पहिला प्रयत्न नेहमी 0000 चा करावा.

समजा तो चालला नाही, म्हणजे कुणीतरी बदलला आहे. अशा वेळी सॅमसंगच्या आकड्यांच्या बटणांचा रिमोट असलेल्या संचांसाठी कंपनीच्याच माहितीपुस्तिकेत एक क्रम दिलेला आहे. टीव्ही रिमोटने बंद करायचा, भिंतीवरचा स्विच चालू ठेवायचा, म्हणजे संच स्टँडबायमध्ये राहतो. मग रिमोटवर ही बटणे एकामागून एक, मध्ये फार न थांबता दाबायची:

```
MUTE → 8 → 2 → 4 → POWER
```

पिन पुन्हा 0000 होतो. काही जणांच्या पडद्यावर पहिल्या वेळी काहीच घडत नाही, कारण बटणांमध्ये जास्त वेळ गेलेला असतो. पुन्हा बंद करून जरा भराभर दाबले की जमते. नव्या, आकडे नसलेल्या छोट्या रिमोटसाठी आवाजाची आणि मागे जाण्याची बटणे वापरून वेगळा क्रम आहे. तो त्या त्या मॉडेलनुसार टीव्हीतल्याच ई-मॅन्युअलमध्ये, पिनच्या प्रकरणात सापडतो. एलजीच्या संचांसाठीही चॅनेलची बटणे आणि आकडे यांचा असाच एक क्रम कंपनी सांगते. मॉडेल क्रमांक संचाच्या पाठीमागच्या चिकटपट्टीवर असतो. तो हाताशी ठेवून कंपनीच्या संकेतस्थळावर शोधले, तर दुसऱ्याच मॉडेलचा क्रम दाबत बसण्याचा त्रास वाचतो.

आजींचा टीव्ही 0000 ने उघडतो. ॲप सुरू होते, प्रोफाइले दिसतात, आजी आपल्या नावावर दाबतात, आणि पुन्हा चार चौकोन. घरातल्या सगळ्यांना वाटते की टीव्ही पुन्हा तोच पिन मागतो आहे. आजोबा परत 0000 दाबतात. चुकीचा. इथे बरीच घरे गोंधळतात, कारण दोन्ही पडदे दिसायला जवळपास सारखे असतात. पण हे दुसरे कुलूप आहे आणि ते नेटफ्लिक्सचे आहे.

नेटफ्लिक्सने एप्रिल २०२० मध्ये प्रत्येक प्रोफाइलला स्वतंत्र चार आकडी पिन लावण्याची सोय आणली. त्यामुळे एकाच खात्यावर आजींचा पिन वेगळा आणि आजोबांचा वेगळा असू शकतो. या पडद्यावर Forgot PIN? असा पर्याय असतो. तो निवडला की नेटफ्लिक्स खात्याचा पासवर्ड विचारते, कारण पिन बदलण्याचा अधिकार कुणाला आहे हे त्याला पासवर्डवरूनच कळते. बरोबर पासवर्ड टाकला की नवा पिन ठेवता येतो. पण नाशिकमध्ये पासवर्ड कुणालाच माहीत नाही. तो लेकीकडे आहे.

डब्लिनमध्ये तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. वडील फोन करतात. ती कामातून दहा मिनिटे काढून लॅपटॉपवर ब्राउझर उघडते आणि netflix.com/account वर जाते. तिथे Profiles मध्ये आईचे प्रोफाइल, त्यात Profile Lock. पासवर्ड विचारला जातो. आणि तिलाही तो आठवत नाही, कारण तिचा लॅपटॉप कायम लॉग-इन असतो आणि वर्षभरात पासवर्ड टाकण्याची वेळच आलेली नाही. हेही अगदी नेहमी घडते. ज्या खात्यात आपण रोज असतो, त्याचाच पासवर्ड आपण सर्वांत आधी विसरतो.

मग एक पायरी मागे जायचे. netflix.com/loginhelp या पानावर खात्याचा ईमेल किंवा नोंदवलेला मोबाइल क्रमांक द्यायचा. ईमेलवर दुवा येतो किंवा मोबाइलवर संदेश येतो, त्यावरून नवा पासवर्ड ठेवायचा. ईमेल दिसला नाही तर स्पॅममध्ये पाहायचे. दोनदा मागवला असेल तर शेवटचा आलेला दुवा वापरायचा. नवा पासवर्ड ठेवताना एक खूण दिसते: सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडायचे का? ती खूण राहिली, तर नाशिकचा टीव्हीही खात्यातून बाहेर पडतो आणि तिथे पुन्हा लॉग-इन करावे लागते. पासवर्ड बाहेरच्या कुणाच्या हाती पडल्याचा संशय असेल, तर ही खूण जरूर ठेवावी. फक्त पिनसाठीच पासवर्ड बदलत असाल, तर ती काढून टाकली तरी चालते.

नवा पासवर्ड झाला म्हणून पिन गेला असे नाही. लेकीला पुन्हा Profile Lock वर यावे लागते, नवा पासवर्ड द्यावा लागतो आणि मग पिन बदलायचा किंवा कुलूपच काढून टाकायचे, हे ठरवावे लागते. ती आईसाठी नवा पिन ठेवते आणि फोनवर सांगते. नाशिकमध्ये पडदा अजून जुनाच दिसत असेल, तर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचे. आजी नवा पिन टाकतात, प्रोफाइल उघडते.

या सगळ्यात नेटफ्लिक्सचे कुलूप उघडायला लागले काय? खातेदाराचा ईमेल आणि तो उघडू शकणारी व्यक्ती. टीव्ही कुणाच्या दिवाणखान्यात आहे, रिमोट कुणाच्या हातात आहे, याला तिथे किंमत नव्हती. ऑनलाइन सेवांवर पिनची सुटका बहुतेक याच वाटेने होते: पिनच्या मागे पासवर्ड, पासवर्डच्या मागे ईमेल किंवा मोबाइल क्रमांक. पिन विसरणे ही किरकोळ अडचण आहे. या साखळीची शेवटची कडी हरवणे ही खरी अडचण आहे.

मोबाइलच्या रिचार्जबरोबर नेटफ्लिक्स मिळालेले असले तरी हीच वाट आहे. पैसे मोबाइल कंपनीमार्फत जातात, पण खाते आणि पिन नेटफ्लिक्सकडेच असतात. मोबाइल कंपनीच्या दुकानात जाऊन तो पिन बदलून मिळत नाही.

इतर ठिकाणच्या वाटा

प्राइम व्हिडिओचा पिन पाच आकडी असतो. चार आकडे टाकून पडदा पुढे का जात नाही, असे वाटणाऱ्यांनी आधी चौकोन मोजावेत. हा पिन ॲमेझॉनच्या खात्यावर असतो, आणि विसरल्यास त्याच खात्याच्या पासवर्डने लॉग-इन करून नवा ठेवता येतो. इथे एक गोष्ट गंभीरपणे लक्षात घ्यायला हवी. हा पासवर्ड खरेदीच्या खात्याचाही असतो. ‘टीव्हीचा पिन बदलायचा आहे’ म्हणून तो शेजारच्या मुलाला किंवा दुरुस्तीला आलेल्या माणसाला सांगितला, तर घराचा पत्ता, जुन्या ऑर्डरी आणि साठवलेली पैसे भरण्याची साधने यांचेही दार त्याला उघडून दिल्यासारखे होते. पासवर्ड टाकायचा तो स्वतःच्या हाताने. प्राइमवर वयोमर्यादा कोणकोणत्या उपकरणांना लागू करायची हेही निवडता येते. त्यामुळे मोबाइलवर अडवले गेलेले टीव्हीवर सहज चालू होणे शक्य आहे. तो बिघाड समजू नये, सेटिंग्जमधली यादी तपासावी.

आपल्याकडच्या काही सेवांना पासवर्डच नसतो. मोबाइल क्रमांक द्यायचा, ओटीपी टाकायचा, की झाले. अशा ठिकाणी पिन विसरला तर सारी भिस्त त्या मोबाइल क्रमांकावर असते. ते सोयीचे आहे, पण दोन जागी अडते. पहिली म्हणजे क्रमांकच बंद पडलेला असतो. आजोबांचे जुने सिम रिचार्जअभावी बंद झाले, टीव्हीवरचे खाते मात्र त्याच क्रमांकावर चालू राहिले, अशी उदाहरणे पुष्कळ आहेत. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातो आणि आपले खाते आपल्यालाच परके होते. टीव्हीवर ते अजून लॉग-इन आहे तोवर, सेवेत सोय असेल तर सेटिंग्जमध्ये जाऊन क्रमांक बदलून घ्यावा. बाहेर पडल्यावर ती संधी राहत नाही. दुसरी अडचण म्हणजे फोन मुलाच्याच हातात असतो. ओटीपी कुलूपबंद पडद्यावरच्या सूचनेतही वाचता येत असेल, तर दहा वर्षांच्या मुलाला पिन बदलायला दोन मिनिटेही लागत नाहीत. फोनच्या सेटिंग्जमध्ये बंद पडद्यावर संदेशाचा मजकूर लपवण्याची सोय असते. ती लावून ठेवावी.

सेट टॉप बॉक्सचा पिन विसरला तर आधी माहितीपुस्तिकेतला मूळ पिन टाकून पाहावा. तो चालला नाही तर नोंदणीकृत मोबाइलवरून कंपनीच्या ॲपमध्ये जावे किंवा ग्राहक सेवेला फोन करावा. ग्राहक क्रमांक हाताशी असावा. डीटीएच कंपनी पिन पूर्ववत करण्याचा संकेत उपग्रहामार्फत बॉक्सकडे पाठवते, म्हणून त्या वेळी बॉक्स चालू आणि सिग्नल नीट मिळत असला पाहिजे. बाहेर मुसळधार पाऊस असेल आणि चित्रच येत नसेल, तर पाऊस ओसरल्यावर हे काम करावे.

फॅक्टरी रीसेट: शेवटचा उपाय

आता तो लोकप्रिय सल्ला. फॅक्टरी रीसेट म्हणजे संच कारखान्यातून निघाला तेव्हाच्या स्थितीला नेणे. त्याने टीव्हीतला पिन पुसला जातो. पण खात्यावरचा पिन टीव्हीत नसतोच, त्यामुळे तो पुसला जात नाही. संच नव्याने लावून, वायफाय जोडून, नेटफ्लिक्समध्ये पुन्हा लॉग-इन केले की आजींच्या प्रोफाइलवर तेच चौकोन तसेच उभे. शिवाय आता ज्या खात्यांचे पासवर्ड कुणाला आठवत नाहीत, तीही सगळी बंद झालेली असतात. एक कुलूप उघडायला गेलो आणि पाच लावून बसलो, अशी अवस्था होते.

दुसरी अडचण अशी की काही संच रीसेट करण्याआधी पिनच विचारतात. सॅमसंगमध्ये सेटिंग्जमधून रीसेट निवडले की आधी पिन मागितला जातो. तो आठवत असता तर रीसेटची वेळच आली नसती. म्हणून तिथे आधी वर सांगितलेल्या क्रमाने पिन 0000 करून घ्यावा लागतो. तोही क्रम जमला नाही, तर कंपनीच्या सेवा केंद्राला बोलावणे हाच मार्ग उरतो.

मग रीसेट केव्हा करावा? कुलूप टीव्हीचेच आहे याची खात्री झाली, मूळ पिन आणि कंपनीने दिलेला क्रम दोन्ही फसले, आणि घरातल्या सगळ्या खात्यांचे पासवर्ड हाती आहेत, तेव्हाच. जुन्या अँड्रॉइड टीव्हींवर मर्यादित प्रोफाइल नावाची सोय असे. तिचा पिन विसरल्यावर बहुधा हाच मार्ग उरतो. सोनीच्या अँड्रॉइड टीव्हींवर हे संचावरच्या बटणांनीही होते: प्लग काढायचा, संचावरची पॉवर आणि आवाज कमी करण्याची बटणे एकत्र दाबून धरायची आणि प्लग पुन्हा लावायचा. नव्या गूगल टीव्हीवर मुलांचे प्रोफाइल पालकाच्या गूगल खात्याला जोडलेले असते. तिथे संचाची मोडतोड करण्याआधी त्या खात्याच्या मार्गाने जावे.

रीसेटपूर्वी पाच मिनिटे काढून एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: वायफायचा पासवर्ड, टीव्हीवर लॉग-इन असलेल्या प्रत्येक सेवेचे नाव, आणि प्रत्येक खाते कुणाच्या ईमेलवर किंवा मोबाइलवर आहे ते. हा कागद पूर्ण भरता येत नसेल, तर रीसेटला अजून हात लावू नये.

या गडबडीत फसू नका

पिन अडला, की माणूस मोबाइलवर त्या सेवेच्या ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधतो. नेमक्या याच क्षणासाठी फसवणूक करणाऱ्यांनी खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस मराठीत, हिंदीत गोड बोलतो. ‘तुमचे खाते ब्लॉक झाले आहे, दहा रुपये भरून पडताळणी करा,’ असे सांगतो, किंवा स्क्रीन शेअर करणारे ॲप घ्यायला लावतो. मग मोबाइलवर येणारा बँकेचा ओटीपी त्याला आपल्याइतकाच स्पष्ट दिसतो.

ओळखण्याची खूण एकच आणि पक्की आहे. पॅरेंटल पिन बदलण्यासाठी या सेवा पैसे मागत नाहीत. बँकेच्या कार्डाचा क्रमांक, यूपीआयचा पिन किंवा स्क्रीन शेअरिंग यांचा या कामाशी काडीचाही संबंध नाही. मदत हवी असेल तर नंबर सेवेच्या ॲपमधल्या मदत विभागातून किंवा तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा, शोधयादीतल्या पहिल्या ओळीवरून घेऊ नये. पैसे गेलेच, तर लाज न बाळगता लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. जितका लवकर फोन, तितकी पैसे पुढे जाण्याआधी थांबवता येण्याची शक्यता जास्त.

नवा पिन ठेवताना

चार आकड्यांचा पिन ०००० ते ९९९९ यांपैकी एक असतो, म्हणजे एकूण दहा हजार शक्यता. मुलाला त्या सगळ्या तपासाव्या लागत नाहीत. घरातले जन्मदिवस, फ्लॅटचा क्रमांक, गाडीची नंबरप्लेट आणि 1234 हे आधी वापरून पाहिले, तरी अनेक घरांतले पिन उघडतात. आणि तेवढेही करावे लागत नाही, कारण आई रिमोटने पडद्यावरचे आकडे एकेक करून निवडत असताना मूल शेजारीच बसलेले असते. म्हणून नवा पिन घराशी संबंध नसलेला असावा आणि अधूनमधून बदलावा. बदलताना तो मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर बदलावा, टीव्हीवर सगळ्यांसमोर नको.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे आजूबाजूच्या वाटा बंद आहेत का ते पाहणे. आजींच्या प्रोफाइलला पिन आहे, पण नातवाने नवेच प्रोफाइल तयार केले तर? नेटफ्लिक्सच्या Profile Lock मध्ये, नवे प्रोफाइल जोडतानाही पिन मागावा असा पर्याय आहे. तो निवडलेला नसेल, तर बाकीची कुलुपे नावालाच उरतात. मुलाच्या स्वतःच्या प्रोफाइलची वयोमर्यादा वेगळी ठरवावी लागते, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावल्याने ती आपोआप लागू होत नाही. घरातल्या मोठ्यांपैकी एकाचे प्रोफाइल पिनविना राहिले, तर मूल तिथूनच शिरते. आणि ज्या ईमेलवरून पासवर्ड बदलता येतो, तो ईमेल मुलाच्या टॅबवर उघडा असेल, तर पिन असून नसल्यासारखा. रिमोटच्या चार-पाच बटणांनी 0000 होणारे टीव्हीचे कुलूपही इंटरनेटवर शोधता येणाऱ्या सातवी-आठवीतल्या मुलाला फार काळ अडवत नाही. ते लहानग्यांसाठी पुरेसे आहे, मोठ्या मुलांसाठी खात्यावरचे कुलूप अधिक भक्कम.

मोठे होत चाललेले मूल पिन ओलांडून जाते तेव्हा आणखी अवघड पिन शोधण्यापेक्षा त्याच्याशी बोलणे जास्त उपयोगाचे. कोणता चित्रपट का थांबवला आहे आणि तो कधी एकत्र पाहू, हे सांगितलेले मूल आकडे शोधत बसण्याची शक्यता कमी असते. यू/ए वर्गांच्या खुणा पडद्यावर लिहिलेल्याच असतात, त्या मुलाला वाचायला शिकवाव्यात.

आता एक काम. हा अंक बाजूला ठेवण्याआधी टीव्हीवरच्या प्रत्येक सेवेचे खाते उघडा आणि त्यावर कुणाचा ईमेल, कुणाचा मोबाइल क्रमांक आहे ते पाहा. तो क्रमांक चालू आहे का, तो ईमेल घरातले कुणी उघडू शकते का, एवढेच तपासा. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलाबाळांच्या नावावर खाते असेल, तर शक्य तिथे घरातल्या एका मोठ्या माणसाचा क्रमांकही त्यावर नोंदवून घ्या. ते जमत नसेल, तर पिन अडल्यावर फोन कुणाला करायचा हे ठरवून ठेवा. पिन पाठ नसला तरी चालेल. खाते कुणाच्या नावावर आहे, हे मात्र घरातल्या दोन मोठ्या माणसांना तरी माहीत असलेच पाहिजे.